चंपाषष्ठीच्या कॅसेटमधले वाद्य : प्रकल्प नोंदी

१० जानेवारी

संग्रहातल्या सत्तावीस क्रमांकाच्या कॅसेटचे काम आज हाती घेतले. कॅसेटच्या कागदी पट्टीवर बॉलपेनने 'जागरण, चंपाषष्ठी, हलगी' एवढेच लिहिलेले आहे आणि जुन्या सूचीत तेच शब्द जसेच्या तसे उतरवलेले आहेत. ध्वनिमुद्रण जेजुरीच्या परिसरातल्या एका गावच्या खंडोबाच्या देवळातले असून 'अ' बाजू साधारण तीस मिनिटांची आहे. दिवसाबद्दल शंका राहत नाही, कारण मधूनच कर्ण्यावरून कोणीतरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य घेऊन येणाऱ्यांना रांगेत उभे राहायला सांगतो आणि मागे येळकोटाचा गजर चालू आहे. शंका आहे ती 'हलगी' या शब्दाबद्दल. जागरण घालणाऱ्या वाघ्याच्या हातात बोटांनी वाजवायची छोटी दिमडी असते, सोबत तुणतुणे आणि मुरळीच्या हातातली घोळ. काड्यांनी वाजवायच्या हलगीचे ठिकाण बाहेर, पालखीपुढे. पट्टीवर लिहिणाऱ्याने जे ऐकले ते लिहिले, की जे डोळ्यांना आधी दिसले ते लिहिले, हे ठरवायचे आहे.

एकदा सलग ऐकल्यावर बाजूचे तीन तुकडे स्पष्ट झाले. सुरुवातीची जवळपास सात मिनिटे मोकळ्या जागेतली आहेत, त्यानंतर गाणे सुरू होऊन ते जवळजवळ शेवटपर्यंत चालते, आणि अगदी शेवटी चाळीसेक सेकंदांचा एक निराळाच वादनाचा तुकडा आहे, जो टेप संपल्यामुळे मध्येच तुटतो. मुख्य काम दुसऱ्या तुकड्याचे.

१२ जानेवारी

स्वराची उंची मोजायच्या आधी टेपचा वेग तपासणे भाग होते. टेप ज्या वेगाने भरली त्याच वेगाने ती आज वाजते आहे असे गृहीत धरले, तर पुढचे सगळे आकडे वाळूवर उभे राहतात. सुदैवाने त्या रात्री देवळात कर्णा लावलेला होता आणि त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची वीजपुरवठ्यामुळे होणारी घरघर गाण्याच्या मागे सतत ऐकू येते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि अशा घरघरीत तिची दुप्पट म्हणजे १०० हर्ट्झची रेघ सहसा सर्वांत ठळक असते. वर्णपटात मला तिथे दोन रेघा दिसल्या. एक अगदी १०० वर स्थिर आहे, ती माझ्या आजच्या कॅसेट-डेकची. दुसरी मात्र बाजूच्या आरंभी १०४ च्या आसपास आहे आणि हळूहळू चढत शेवटी १०७ च्या पुढे जाते. ही दुसरी त्या रात्रीची.

याचा अर्थ असा, की ध्वनिमुद्रण करणारे यंत्र सेलवर चालत होते आणि सेल उतरत चालले होते. भरताना टेप मंद फिरली, म्हणून आज योग्य वेगाने वाजवताना सगळेच वरच्या पट्टीत ऐकू येते, आणि जसजसे सेल उतरले तसतसे अधिकच वर. गायकाचा आवाज शेवटाकडे किंचित चिरका वाटतो, त्याचे खापर मी पहिल्या दिवशी त्याच्या थकव्यावर फोडले होते.

ही दुरुस्ती करायला प्रत्येक तुकडा लहान भागांत कापून त्या त्या ठिकाणच्या घरघरीवरून वेग बदलला. जिथे रेघ १०५.४ वर आहे, तिथे १०० ला १०५.४ ने भागून येणारा ०.९४९ हा गुणक वापरला:

```
sox a_14min.wav a_14min_s.wav speed 0.949
```

मात्र याची मर्यादा नोंदवून ठेवते. त्या काळी आपल्या वीजजाळ्याची वारंवारिता ५० वर घट्ट बसलेली नसे. मागणी वाढली की ती ४९ च्याही खाली उतरत असे. म्हणून ही दुरुस्ती दोन-तीन टक्क्यांपर्यंत चुकलेली असू शकते आणि या कॅसेटवरून 'वाद्याचा स्वर नेमका अमुक हर्ट्झचा' असे विधान मी करणार नाही. ज्या गोष्टी वेगाने बदलत नाहीत, म्हणजे एकाच ठोक्यातल्या स्वरांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर, आघातांचा क्रम आणि एका आघाताचा दुसऱ्यावर होणारा परिणाम, त्यांवरच भिस्त ठेवायची असे ठरवले.

१५ जानेवारी

दुसऱ्या तुकड्यातल्या वाद्याचे दोन बोल कानाला वेगळे ऐकू येतात, एक गोलसर आणि खालचा, दुसरा टणक आणि वरचा. खालच्या बोलाचा मुख्य स्वर आठव्या मिनिटाला मूळ टेपवर ३३१ हर्ट्झ आणि चोविसाव्या मिनिटाला ३३७ भरतो. घरघरीची रेघ त्याच वेळी १०४.९ वरून १०६.८ वर गेली आहे, आणि भागाकार दोन्ही ठिकाणी ३.१५५ येतो. म्हणजे सोळा मिनिटांत कातडे जराही ताणले गेले नाही की सैलावले नाही. चढला तो सेलांचा हिशेब. दुरुस्तीनंतरचा स्वर ३१५ हर्ट्झच्या आसपास धरायला हरकत नाही.

आता ३१५ हर्ट्झ म्हणजे कोणते वाद्य? या प्रश्नाला एकट्या स्वरावरून उत्तर नाही, हे इथेच लिहून ठेवते, कारण संग्रहातल्या जुन्या टिपणांत 'स्वर उंच, सबब दिमडी' अशा प्रकारची वाक्ये मला सापडली आहेत. सारखेच कातडे सारख्याच ताणाने बसवले तर अर्ध्या व्यासाचे वाद्य दुप्पट स्वर देईल, हे खरे. पण मोठ्या वाद्याचा ताण चौपट केला तरी स्वर दुप्पटच होतो. फूटभराची हलगी जाळावर चांगली शेकली, तर ती वितीएवढ्या सैल दिमडीच्या स्वरापर्यंत सहज पोहोचते. स्वर हा व्यास आणि ताण या दोघांचा मिळून असतो आणि कॅसेटवर त्यातला एकही वेगळा दिसत नाही.

१६ जानेवारी

स्वर एकटा मुका असला तरी त्याच्या बरोबर निघणारे वरचे स्वर बोलके असतात. खालच्या बोलात ३१५ च्या वर ५१० आणि ६९३ च्या सुमारास ठळक स्वर आहेत, म्हणजे मूळ स्वराच्या सुमारे १.६२ पट आणि २.२ पट. नुसत्या, सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे गणित १.५९ आणि २.१४ असे सांगते, आणि हवेचा भार सर्वांत खालच्या स्वराला अधिक खाली ओढत असल्यामुळे प्रत्यक्षात ही गुणोत्तरे थोडी ताणलेली मिळतात. तेव्हा हे साधे, शाई नसलेले कातडे आहे.

याने ढोलकी बाद होते. जागरणाच्या पार्ट्यांत ढोलकी असते, म्हणून ती शक्यता मी उघडी ठेवली होती. शाई लावलेल्या पुडीचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा सुरेल पायऱ्यांवर येतात. मृदंग आणि तबला यांच्या बाबतीत हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये सविस्तर दाखवून दिले. आमच्या कॅसेटवर दुपटीच्या जागी, ६३० वर, काहीच नाही. ढोलकीवर रेघ मारली.

१८ जानेवारी

आता हात की काड्या हा प्रश्न. काडीचे टोक कातड्यावर क्षणभरच टेकते, त्यामुळे आघातात फार वरपर्यंतचे स्वर चेतवले जातात. बोटाचा मऊ भाग थोडा अधिक वेळ टेकतो आणि वरचे स्वर स्वतःच दाबून टाकतो. तत्त्व सोपे आहे, पण ही कॅसेट साध्या मोनो यंत्रावर भरलेली आहे, आठ हजार हर्ट्झच्या वर तिच्यात जवळपास काही उरलेले नाही, आणि यंत्राची आपोआप आवाज सावरण्याची सोय प्रत्येक मोठ्या आघातानंतर सगळेच दाबते. त्यामुळे आघात बोथट दिसला तर तो बोटाचा आहे की यंत्राचा, हे नुसते पाहून कळत नाही.

यावर उपाय त्याच टेपमध्ये मिळाला. तुणतुण्याची तार काडीने छेडली जाते आणि तिचा आघात त्याच मायक्रोफोनमध्ये, त्याच क्षणी नोंदला जातो. तुणतुण्याच्या छेडीत सात हजारांपर्यंत जोर स्पष्ट दिसतो. त्याच्या शेजारचा आमच्या वाद्याचा आघात मात्र अडीच-तीन हजारांवरच संपतो. यंत्राने तुणतुणे झाकले नाही, तर याचा आघातही त्याने झाकलेला नाही. पारडे हाताकडे झुकले.

पण सरळ निकाल लागला असे नाही. दर काही मात्रांनी एक कोरडा, धातूसारखा 'टक्' येतो आणि तो मात्र अगदी वरपर्यंत जातो. आज दिवसभर या टकटकीच्या पन्नासेक जागा मोजल्या आणि संध्याकाळी टिपणात 'काडी कड्यावर' असे लिहून टाकले. हे वाक्य मी खोडणार नाही. पुढे चुकीचे ठरले तरी तसेच राहू देते.

२१ जानेवारी

चोविसाव्या मिनिटानंतर गाणे थांबते, सुमारे दोन मिनिटे नुसती कुजबुज आहे, आणि वादन पुन्हा सुरू होते तेव्हा वाद्याचा स्वर स्पष्टपणे चढलेला आहे. घरघरीची रेघ विश्रांतीच्या आधी आणि नंतर सलग आहे, ती उडी घेत नाही. वाद्याचा स्वर मात्र दुरुस्तीनंतर ३१५ वरून ३४८ वर गेला आहे. सुमारे दहा टक्के स्वर चढला म्हणजे ताण एकवीस टक्क्यांच्या आसपास वाढला. कातडे शेकले गेले, यात शंका नाही. मार्गशीर्षातल्या रात्री दव पडते आणि कातडे उतरते.

हा भाग पहिल्यांदा कळला तेव्हा मला वाटले की हलगीचा पुरावा सापडला, कारण शेकोटीवर धरलेली हलगी सगळ्यांनीच पाहिलेली असते! पण दिमडीही शेकतात. तेव्हा शेकण्यावरून नाव ठरत नाही.

त्या उडीचा उपयोग वेगळ्याच कामासाठी झाला. संबळाचा प्रश्न अजून शिल्लक होता. संबळ म्हणजे जोडीने बांधलेली दोन वाद्ये, एक उंच स्वराचे आणि एक खर्जाचे, आणि दोन बोल ऐकू येत असताना ती शक्यता नाकारता येत नव्हती. पण आमच्या वाद्याचा टणक बोल, जो मी वेगळा स्वर समजत होते, तो विश्रांतीच्या आधी ५१० वर आहे आणि नंतर ५६४ वर. म्हणजे खालच्या बोलातच दडलेला १.६२ पटीचा स्वर हाच वरच्या बोलात पुढे येतो, आणि शेकल्यावर दोन्ही बोल नेमके सारख्याच प्रमाणात चढतात. दोन वेगळी कातडी एका जाळावर धरली तरी इतकी तंतोतंत बरोबर चढणार नाहीत. कातडे एकच आहे. मध्याकडे मारले की गोल बोल, कडेला मारले की टणक. संबळही बाद, निदान या तुकड्यापुरता.

२५ जानेवारी

हलगी आणि दिमडी, एवढेच आता उरले. दोन्ही कड्यावर ताणलेल्या एकाच कातड्याची वाद्ये, म्हणून उरलेले काम सगळे वादनपद्धतीवर. आज पहिला तुकडा आणि दुसरा तुकडा समोरासमोर मांडला.

पहिल्या तुकड्यात, जो मोकळ्या जागेतला आहे, आघात एकाआड एक दोन जातींचे आहेत. एक जात भरीव आहे आणि तिच्यामागे कातड्याचा मूळ स्वर घुमतो. दुसरी बारीक, चरचरीत, जिच्यात मूळ स्वर जवळपास नाही. भरीव आघातांच्या मधल्या जागा बारीक आघात भरून काढतात. हे हलगीचे लक्षण आहे: उजव्या हातात आखूड, जाड टिपरू आणि कडे सावरणाऱ्या डाव्या हातात बारीक लवचिक काडी, जी कडेलाच आपटते. हा ताशा असता तर दोन्ही काड्या सारख्याच बारीक, म्हणून आघातही सारखेच निघाले असते. पहिल्या तुकड्यापुरते पट्टीवरचे 'हलगी' बरोबर आहे.

दुसऱ्या तुकड्यात ही दोन जातींची पाळी कुठेच नाही. तिथे आघात झुबक्याने येतात, तीन झटपट, पहिले दोन हलके आणि तिसरा ठाशीव, मग मोकळी जागा. एकाच हाताची बोटे ओळीने सोडली की असाच झुबका पडतो. दोन काड्यांची लगबग अखंड चालू शकते. एका हाताला मात्र पुन्हा वर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येक झुबक्यानंतर जागच्या जागी दिसतो.

आणखी एक गोष्ट निर्णायक वाटते. काही ठाशीव आघातांनंतर स्वर खाली न उतरता वर सरकतो. जोरात मारलेल्या कातड्याचा स्वर आपसूक सरकतो तो नेहमी वरून खाली, कारण मोठ्या हेलकाव्याने ताण क्षणभर वाढतो आणि हेलकावा शमला की उतरतो. खालून वर जायचे असेल तर कोणीतरी वाजत असलेल्या कातड्यावर दाब द्यायला हवा. कडे धरणाऱ्या डाव्या हाताची बोटे दिमडीत तसा दाब देऊ शकतात. हलगीत तो हात काडीत गुंतलेला असतो.

फक्त ती टकटक कशातच बसत नाही.

२८ जानेवारी

पंचक्रोशीतल्या एका वयस्कर वाघ्यांकडे कॅसेटची प्रत घेऊन गेले. आबांना मी काहीच सांगितले नव्हते. दुसरा तुकडा लावल्यावर अर्ध्या मिनिटात ते म्हणाले, "दिमडी हाय ही. हलगी कोण म्हनलं तुम्हाला?" मी पट्टी दाखवली तेव्हा ते हसले. मग मी टकटकीबद्दल विचारले आणि काडीची शंका सांगितली. त्यांनी उत्तर दिले नाही; भिंतीवरची दिमडी काढली, डाव्या हातात धरली आणि त्या हातातल्या चांदीच्या अंगठीने लाकडी कड्यावर टिचकी मारली. तोच 'टक्'. "आमचं म्हातारं असंच वाजवायचं, ताई. तालाची खूण ऱ्हाती."

त्यांच्या परवानगीने दिमडी आणि नंतर शेजारच्यांची हलगी, दोन्ही जुन्या मोनो कॅसेट-यंत्रावरच भरून घेतल्या, म्हणजे यंत्राचे दोष दोन्हीकडे सारखे राहतील. दिमडीवर बोटांचे झुबके, वर सरकणारा स्वर आणि अंगठीची टिचकी, तिन्ही जसेच्या तसे मिळाले. हलगीवर आबांच्या नातवाने कितीही प्रयत्न केला तरी वर सरकणारा स्वर निघाला नाही.

घरी येऊन मूळ कॅसेटवर टकटकीच्या पन्नास जागा पुन्हा पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच जागी टिचकी आणि बोटाचा आघात एकाच क्षणी आहेत, आणि टिचकीच्या मागे कातड्याचा स्वर कुठेच वेगळा उठत नाही. वाजवणाऱ्या हाताकडून असे होणे शक्य नव्हते. हे मला अठरा तारखेलाच दिसायला हवे होते. टकटकीच्या जागा मोजल्या, पण त्यांच्या शेजारी काय आहे ते पाहिले नाही.

१ फेब्रुवारी

शेवटचा चाळीस सेकंदांचा तुकडा. गाणे संपले आहे, कर्णा बंद केलेला आहे, म्हणून घरघरही नाही आणि वेगाचा अंदाज आधीच्या मिनिटावरून ओढून न्यावा लागतो. आघात धारदार आहेत, काड्यांचे आहेत, आणि दोन स्वर आहेत: एक १४० च्या आसपासचा खर्ज, दुसरा ३९० च्या आसपासचा. त्यांच्यातले सुमारे २.८ पटीचे नाते एका साध्या कातड्याच्या कोणत्याच ठळक पायरीवर नीट बसत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खर्ज घुमत असताना वरचा आघात पडला तरी खर्जाची विरत जाणारी रेघ जराही हलत नाही, ती सरळ पुढे जाते. एकाच कातड्यावर असे होत नाही; नवा आघात जुन्या कंपाला एकतर वाढवतो किंवा मोडतो. तेव्हा कातडी दोन आहेत.

संबळ म्हणायचा मोह होतो, आणि तो बहुधा बरोबरही आहे. पण दोन माणसे दोन वेगळी वाद्ये वाजवत असली तरी वर्णपट असाच दिसेल. एकाच माणसाचे दोन हात असल्याची खूण शोधायला आघातांचे पुरेसे सलग आवर्तन हवे, आणि इथे तीनच आवर्तने मिळतात, त्यानंतर टेप तुटते. आबांना हा तुकडा ऐकवला होता. त्यांनी मान डोलावली पण नाव घेतले नाही, म्हणून त्यांच्या नावावर मीही ते लिहीत नाही.

३ फेब्रुवारी

सूचीतली नोंद बदलली. जुना शब्द पुसलेला नाही, तो 'कॅसेटवरील मूळ मजकूर' या रकान्यात राहील. नवी नोंद अशी:

'अ बाजू. आरंभ ते सुमारे ७ मिनिटे: हलगी, टिपरू आणि काडी, मिरवणूक. त्यापुढे सुमारे २९ मिनिटांपर्यंत: दिमडी, हाताने, कड्यावर अंगठीची टिचकी, सोबत तुणतुणे, सुमारे २६ व्या मिनिटाला वाद्य शेकून पुन्हा वादन. अखेरची ४० सेकंदे: काड्यांनी वाजवलेली दोन कातडी, बहुधा संबळ, अनिश्चित. टेपचा वेग बदलता; स्वराचे आकडे दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने वाचावेत.'

'ब' बाजूच्या पट्टीवरही 'हलगी' असेच लिहिलेले आहे. ती उद्या लावते. पहिल्या काही सेकंदांत घरघर आहे, तेव्हा वेगाचे काम तरी सोपे जाईल.